जिन्यातला सेन्सर दिवा: आधी जागा, मग वायरिंग, शेवटी बटणं

जिन्यात सेन्सर दिवा बसवल्यावर आठवडाभरात तक्रारी येतात आणि त्या बहुतेक ठरलेल्या असतात. माणूस तीन पायऱ्या चढून गेल्यावर उजेड पडतो. कोणी नसताना दिवा पेटतो. एकदा पेटला की विझतच नाही. मग कोणीतरी स्टूल आणतं, सेन्सरखालची बारीक बटणं स्क्रू-ड्रायव्हरने फिरवतं, दोन दिवस बरं चालतं आणि तिसऱ्या दिवशी तीच तक्रार परत येते. बहुतेक वेळा दोष बटणांचा नसतोच. सेन्सर चुकीच्या जागी बसलेला असतो, किंवा जुन्या टू-वे स्विचच्या वायरिंगवर तसाच चढवलेला असतो. म्हणून आधी जागा ठरवावी, मग वायरिंग करावं आणि बटणांना सगळ्यात शेवटी हात लावावा.

उदाहरणासाठी नेहमीची इमारत घेऊ: तळमजला अधिक तीन मजले, लिफ्ट नाही, प्रत्येक मजल्यावर दोन फ्लॅट. जिना मध्ये वळणारा आहे, म्हणजे निम्म्यावर एक लँडिंग आणि तिथे हवेसाठी खिडकी किंवा जाळी. प्रत्येक मजल्यावर ९ वॅटचा एक एलईडी, असे चार दिवे. हे चारही दिवे तळमजल्यावरच्या आणि वरच्या मजल्यावरच्या दोन टू-वे स्विचवर एकत्र चालतात. बाल्कनीचं काही वेगळं आहे, ते पुढे येईलच.

सेन्सरला नेमकं काय दिसतं

बाजारात जिन्यासाठी मिळणारे बहुतेक सेन्सर पीआयआर जातीचे असतात. समोरच्या दुधी, खाचाखाचांच्या प्लास्टिकच्या भिंगामुळे सेन्सरच्या नजरेचे अनेक पट्टे पडतात. माणसाच्या अंगाची उष्णता एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात सरकली की आतल्या घटकाला फरक जाणवतो आणि रिले ‘टक’ असा आवाज करून दिवा लावतो. नुसती हालचाल किंवा नुसती उष्णता पुरत नाही. उष्णता पट्टे ओलांडून हलली पाहिजे.

यातून तीन गोष्टी निघतात. सेन्सरसमोरून आडवा जाणारा माणूस लगेच पकडला जातो, तर थेट सेन्सरच्या दिशेने येणारा उशिरा, कारण तो बराच वेळ एकाच पट्ट्यात चालत असतो. दुसरं, साध्या काचेतून ही उष्णता पलीकडे जात नाही. त्यामुळे खिडकीच्या किंवा सरकत्या दाराच्या आत बसवलेल्या सेन्सरला बाल्कनीतलं काही दिसत नाही. तिसरं म्हणजे भोवतालची हवा आणि भिंती अंगाइतक्याच तापल्या की फरक उरत नाही. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात तापलेल्या जिन्यात तोच सेन्सर जानेवारीपेक्षा मंद वाटतो, तो यामुळे. सेन्सर हिवाळ्यात बसवत असाल तर संवेदनक्षमता वाढवायला थोडी जागा राखून ठेवा.

दुकानात मायक्रोवेव्ह किंवा रडार सेन्सरही दाखवतात. तो उष्णता पाहत नाही. त्याच्या लहरी लाकडी दारातून, काचेतून आणि पातळ भिंतीतून पलीकडे जातात. फ्लॅटच्या आत दाराजवळ कोणी चाललं तरी जिन्यातला दिवा पेटतो. अरुंद जिन्यात, समोरासमोर दारं असतील तर तो घेऊ नका.

जागा

वळणाऱ्या जिन्यात सेन्सर प्रत्येक मजल्याच्या लँडिंगवर, छताला लावावा. जागा खाली जाणाऱ्या पायऱ्यांच्या काठापासून साधारण फूट-दीड फूट आत. तिथून त्याला दोन्ही फ्लॅटची दारं दिसतात आणि खालच्या वळणापासून वर येणारी पायऱ्यांची रांगही दिसते. दार उघडून बाहेर पडणारा माणूस त्याच्या नजरेत आडवा येतो, त्यामुळे पहिल्या पायरीवर पाय पडण्याआधी उजेड होतो. खालून वळण घेऊन वर येणाराही तिथेच पकडला जातो. खालच्या मजल्याच्या सेन्सरची नजर जिथे संपते तिथे वरच्याची सुरू झाली पाहिजे, आणि वळणाचं लँडिंग हीच ती जागा.

पायऱ्यांच्या समोरच्या भिंतीवर सेन्सर लावण्याचा मोह होतो, कारण तिथे आधीच दिव्याचा पॉइंट असतो. पण तिथे वर येणारा माणूस थेट सेन्सरच्या रोखाने येतो आणि उजेड उशिरा पडतो. पहिल्या तक्रारीचं मूळ हे असतं.

छतावरच्या सेन्सरसाठी सव्वादोन ते चार मीटर उंची चालते. नऊ फुटांचं छत म्हणजे सुमारे २.७ मीटर, तेव्हा आपल्या इमारतींत ही अडचण नसते. दिवा आणि सेन्सर यांच्यात मात्र निदान हात-दीड हाताचं अंतर ठेवा आणि दिव्याचा उजेड थेट भिंगावर पडू देऊ नका. विझलेला दिवा थंड होताना उष्णता बदलते. जवळचा सेन्सर तीच हालचाल समजतो आणि दिवा पुन्हा पेटतो. दिवा रात्रभर पेट-विझ करत राहतो तो यामुळे.

छताला भोक पाडण्याआधी जागा तपासायची सोपी युक्ती आहे. चार्जिंगवर चालणारा छोटा सेन्सर दिवा बाजारात मिळतो. तो दुहेरी चिकटपट्टीने ठरवलेल्या जागी लावा आणि दारातून बाहेर या, खालून वर या, वरून खाली जा. त्याचा पल्ला मोठ्या सेन्सरपेक्षा कमी असतो, पण जिन्याच्या कोणत्या कोपऱ्यात नजर अडते ते त्यावरून कळतं. जागा बदलायची असेल तर ती आत्ताच बदलता येते.

वायरिंग: टू-वे स्विचचं काय करायचं

जिन्याचं वायरिंग सोसायटीच्या सामायिक मीटरवर असतं. ते काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावं. पण तो नेमकं काय करणार आहे हे तुम्हाला माहीत हवं, कारण चुका इथेच होतात.

सेन्सरला तीन वायरी लागतात: येणारा फेज, न्यूट्रल आणि दिव्याकडे जाणारा फेज. सेन्सरला स्वतःला सतत वीज हवी असते. मागे स्विच ठेवला आणि सवयीने कोणी तो बंद केला, की सेन्सरच मरतो. टू-वे स्विचमध्ये हे हमखास होतं. वरचा माणूस बटण दाबतो, खालचा दाबतो आणि दर दुसऱ्या दाबण्याला सगळ्या जिन्यातले सेन्सर बंद पडतात.

आपल्या इमारतीत खालच्या बोर्डात फेज येतो. तिथून दोन वायरी वरच्या बोर्डापर्यंत जातात आणि वरच्या स्विचमधून एक वायर दिव्यांकडे येते. यातली एकच वायर कायम जिवंत ठेवायची असते. खालच्या बोर्डात आलेला फेज त्या दोनपैकी एका वायरीला कनेक्टरने जोडायचा. वरच्या बोर्डात तीच वायर दिव्यांकडे जाणाऱ्या वायरीला जोडायची. दुसरी वायर दोन्ही टोकांना वेगळी करून, इन्सुलेट करून बोर्डात सोडून द्यायची. दोन्ही स्विच काढून त्या जागी कोऱ्या पट्ट्या बसवायच्या. भिंत कुठेही फोडावी लागत नाही. आता प्रत्येक मजल्याच्या पॉइंटवर कायम जिवंत फेज आणि न्यूट्रल या दोन वायरी आल्या. सेन्सरला नेमकं हेच हवं होतं. तिसरी वायर सेन्सरपासून जवळच्या होल्डरपर्यंत टाकायची. तिला १ किंवा १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते. सगळं काम सामायिक बोर्डातला एमसीबी पाडून करायचं, आणि पुढे दुरुस्तीला सेन्सर बंद करायचे तेही याच एमसीबीने. म्हणून त्यावर ‘जिना’ अशी चिठ्ठी आत्ताच लावा.

वायरींच्या रंगात एक सापळा आहे. आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये लाल, पिवळा आणि निळा हे फेजचे रंग, काळा न्यूट्रलचा आणि हिरवा अर्थिंगचा. सेन्सरमधून निघणाऱ्या वायरींचे रंग मात्र बऱ्याचदा युरोपच्या पद्धतीचे असतात: तपकिरी फेज, निळा न्यूट्रल आणि लाल दिव्याकडे जाणारा. म्हणजे इमारतीतला निळा फेज असू शकतो आणि सेन्सरचा निळा न्यूट्रल. रंगाला रंग जोडला की काम बिघडतं. प्रत्येक सेन्सरच्या अंगावर किंवा खोक्यात जोडणीचा नकाशा असतो. कोणत्या वायरीचं काम काय ते त्यावरून ठरवा आणि इमारतीच्या वायरी मीटरने मोजा. फेज आणि न्यूट्रलमध्ये सुमारे २३० व्होल्ट, फेज आणि अर्थिंगमध्येही तितकेच, तर न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये थोडेच व्होल्ट दिसले पाहिजेत. निऑन टेस्टरचा लाल ठिपका एवढ्या खात्रीला पुरत नाही.

स्विच काढायच्या आधी आणखी एक तपासणी करून घ्या. स्विच बंद असताना होल्डरच्या पॉइंटवर फेज दिसला, तर कोणीतरी कधीकाळी स्विच न्यूट्रलमध्ये टाकलेला आहे. जुन्या इमारतींत हे सापडतं. मग वर सांगितलेली जोडणी फेजऐवजी न्यूट्रलची होते, आणि ती आधी दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

एक गोष्ट अजिबात चालवून घेऊ नका. ज्या बोर्डात न्यूट्रल आलेला नसतो तिथे काही जण अर्थिंगची वायर न्यूट्रल म्हणून वापरतात. दिवा पेटतो, सेन्सर चालतो, पण अर्थिंगमधून सतत वीज वाहू लागते. आरसीसीबी असेल तर तो पडतो. नसेल आणि अर्थिंग कुठे तुटलं, तर त्याला जोडलेल्या धातूच्या वस्तूंवर वीज येऊ शकते. न्यूट्रल नसेल तर सेन्सर बोर्डात बसवण्याऐवजी दिव्याच्या पॉइंटवर बसवा, कारण तिथे न्यूट्रल असतोच.

न्यूट्रल न लागणारे दोन वायरींचे सेन्सरही मिळतात. ते आपल्याला लागणारी थोडी वीज दिव्यातूनच घेतात. त्यामुळे विझलेला एलईडी मंद मिणमिणत राहतो किंवा लुकलुकतो. जिन्यात रिले असलेला, तीन वायरींचाच सेन्सर घ्या. खोक्यावर साध्या बल्बसाठी आणि एलईडीसाठी वॅटची मर्यादा वेगवेगळी दिलेली असते, त्यातली एलईडीची पाहा. एलईडीच्या आतलं सर्किट सुरू होताना क्षणभर बराच मोठा प्रवाह ओढतं. मर्यादेपलीकडचे दिवे लावले तर रिलेचे संपर्क चिकटतात आणि दिवा कायमचा पेटलेला राहतो. एका सेन्सरवर ९ वॅटचा एक दिवा असेल तर हा प्रश्न येत नाही.

चारही सेन्सरचे दिव्याकडे जाणारे फेज एकमेकांना जोडले तर कोणीही कुठेही चाललं की सगळा जिना उजळतो. हे सोयीचं वाटतं, पण त्यात एक पेच आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या सेन्सरला आधीच उजेड दिसतो. त्याला वाटतं दिवस आहे, आणि तो हालचाल मोजत नाही. खालच्याची वेळ संपताच वर चढणाऱ्याच्या पायाखाली क्षणभर अंधार होतो. जिन्याला खिडक्या असतील तर प्रत्येक मजल्याचा दिवा त्याच्याच सेन्सरवर ठेवलेला बरा.

बटणं: क्रम महत्त्वाचा

वीज आल्यावर सेन्सरला स्थिर व्हायला अर्धा-एक मिनिट लागतं. त्या वेळात दिवा आपोआप पेटतो, कधी विझतो. तो बिघाड नाही.

बहुतेक सेन्सरवर तीन बटणं असतात: पल्ला म्हणजे संवेदनक्षमता, वेळ आणि उजेडाची मर्यादा. उजेडाच्या बटणावर एका टोकाला चंद्र आणि दुसऱ्या टोकाला सूर्य काढलेला असतो. चंद्राच्या टोकाला सेन्सर गडद अंधारातच चालतो, सूर्याच्या टोकाला भर दिवसाही.

सुरुवातीला वेळ सर्वांत कमी ठेवा, उजेडाचं बटण सूर्याकडे आणि पल्ला मध्यावर. आता दिवसाही चाचणी घेता येते आणि दर वेळी पाच-दहा सेकंदांतच दिवा विझतो, त्यामुळे ताटकळावं लागत नाही. नेहमीच्या चालीने दारातून बाहेर या, खालच्या वळणावरून वर या. पहिल्या पायरीआधी दिवा पेटला पाहिजे. पेटला नाही तर पल्ला थोडा वाढवा. खालच्या मजल्यावर कोणी चालताना वरचा दिवा पेटत असेल तर कमी करा. पल्ला अगदी शेवटपर्यंत नेऊनही काम होत नसेल तर जागा चुकली आहे, हे मान्य करून सेन्सर हलवा. एखाद्या कोपऱ्यातली नको असलेली हालचाल टाळायची असेल, तर पल्ला कमी करण्याऐवजी भिंगाचा तेवढाच भाग आतून अपारदर्शक चिकटपट्टीने झाका. काही सेन्सरबरोबर यासाठी प्लास्टिकचं झाकण येतं.

पल्ला जमल्यावर वेळ लावा. धडधाकट माणसाला एक मजला चढायला अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर लागतं. पण पिशव्या घेऊन चढणारे आजोबा वळणावर दम खायला थांबतात. उभ्या माणसाची हालचाल सेन्सरला दिसत नाही, म्हणून वेळ अर्ध्या मिनिटावर ठेवली तर त्यांच्यावर अंधार होतो. दर नव्या हालचालीला वेळ पुन्हा मोजायला सुरुवात होते, तेव्हा दीड ते दोन मिनिटं पुष्कळ झाली.

उजेडाचं बटण सगळ्यात शेवटी, आणि तेही संध्याकाळीच लावा. दिवा कधीपासून लागावा असं वाटतं ती वेळ निवडा. बटण चंद्राकडे नेऊन सेन्सरखाली हालचाल करा. दिवा पेटणार नाही. मग बटण हळूहळू सूर्याकडे फिरवत थोडं थोडं चालत राहा. ज्या क्षणी दिवा पेटेल तिथे थांबा. दुपारीही अंधार असलेला जिना असेल तर बटण सूर्याकडेच राहू द्या. खिडकीतून रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड भिंगावर येत असेल तर तो सेन्सरला दिवस वाटतो. अशा वेळी चंद्राकडे बटण नेऊन उपयोग नाही, सेन्सर खिडकीच्या आडोशाला सरकवा.

बाल्कनीसाठी वेगळं काय

बाल्कनीत उष्णता हलवणाऱ्या गोष्टी फार असतात. वाऱ्याने हलणारे वाळत घातलेले कपडे, एसीच्या बाहेरच्या युनिटची गरम हवा, उन्हाने तापलेली आणि संध्याकाळी थंड होणारी भिंत, कबुतरं, मांजर. सेन्सर भिंतीवर साधारण दोन मीटर उंचीवर, घरात येण्याच्या दारावर किंवा त्याच्या बाजूला लावा आणि नजर आतल्या बाजूला, दाराकडे थोडी खाली वळवा. रस्त्याकडे आणि एसीकडे तोंड नको. पल्ला इथे कमीच ठेवा, कारण बाल्कनी लहान असते.

कोकणात आणि मुंबईत पावसाचे झोत येतात. आयपी ४४ असं लिहिलेला सेन्सर छपराखाली चालतो, उघड्यावर आयपी ६५ घ्या. वायर खालच्या बाजूने आत न्या आणि आत शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोलावरून खाली पडेल. पावसाळ्यात कोळ्याचं जाळं आणि भिंगाजवळ फिरणारी पाल यांमुळेही दिवा विनाकारण पेटतो. महिन्यातून एकदा सुक्या कापडाने पुसलं तर पुरतं.

भाड्याच्या घरात वायरिंगला हात लावायचा नसेल, तर नेहमीच्या होल्डरमध्ये बसणारा सेन्सर असलेला बल्ब घ्या. त्यात पल्ला आणि वेळ बहुधा बदलता येत नाही. तो बंद ग्लासच्या शेडमध्ये लावला तर काहीच दिसत नाही, हे लक्षात ठेवा.

बिघाड कसा ओळखायचा

रिलेचा ‘टक’ आवाज ऐका. आवाज येतो पण दिवा पेटत नाही, तर बल्ब गेला आहे किंवा दिव्याकडची वायर सुटली आहे. आवाजच येत नसेल तर सेन्सरला फेज किंवा न्यूट्रल मिळत नाही, किंवा उजेडाच्या बटणामुळे तो दिवस समजतो आहे. बटण सूर्याकडे नेऊन पाहिलं की यातलं कोणतं ते कळतं. दिवा विझतच नसेल तर सेन्सरचं भिंग जाड पुठ्ठ्याने पूर्ण झाका. ठरलेली वेळ संपल्यावर दिवा विझला तर कुठलीतरी उष्णता हलते आहे, ती शोधा. तरीही विझला नाही तर रिले चिकटला आहे किंवा वायरिंग चुकलं आहे.

बचतीचा हिशोबही करून ठेवू. ९ वॅटचे चार दिवे रात्री १२ तास पेटले तर रोज ४३२ वॅट-तास, म्हणजे महिन्याला सुमारे १३ युनिट. सेन्सरनंतर प्रत्येक दिवा रोज दोन तास पेटतो असं धरा: ७२ वॅट-तास. प्रत्येक सेन्सर स्वतः सुमारे अर्धा वॅट दिवसरात्र घेतो असं धरलं तर चारांचे ४८ वॅट-तास. एकूण महिन्याला साडेतीन-पावणेचार युनिट. बचत सव्वानऊ-साडेनऊ युनिटांची, म्हणजे फार नाही. एलईडीच्या काळात सेन्सर बसवायचं खरं कारण बिल नसून अंधारात बटण शोधावं न लागणं हे आहे. त्यामुळे सोसायटीच्या सभेत पैसे वाचतील या आश्वासनावर हा खर्च मंजूर करून घेऊ नका.

वायरमनचे पैसे देण्याआधी रात्री एक चक्कर मारा. प्रत्येक दारातून बाहेर या आणि उजेड पहिल्या पायरीआधी पडतो का ते पाहा. प्रत्येक वळणावर एक मिनिट स्वस्थ उभे राहा. मग सामायिक एमसीबी पाडून पुन्हा लावा आणि मिनिटभराने सगळे सेन्सर आपोआप कामाला लागतात का ते तपासा. वीज जाऊन आल्यावर जिना अंधारात राहत नाही, याची खात्री त्यातून होते.